भोवरा पडला असता तरी

प्रश्न: "काल 'इन्सेप्शन' दुसऱ्यांदा पाहिला. शेवटी तो भोवरा पडतो की नाही? मित्र म्हणतो, कॉबच्या बोटात अंगठी नाही म्हणजे ते खरं जग, विषय संपला. तसं असेल तर भोवऱ्यावर कट करून लोकांना टांगून ठेवायची गरज काय होती? संकलनाची माहिती असलेल्या कुणीतरी नीट सांगा."

मी बावीस वर्षं संकलन करतोय. जास्त करून माहितीपट आणि जाहिराती, अधूनमधून एखादा मराठी चित्रपट. शनिवारी पुण्यात काही मुलांना संकलन शिकवतो आणि दर वर्षी एकदा तरी हा शेवटचा शॉट टाइमलाइनवर घेतो. त्यामुळे तुमचा प्रश्न मी निदान शंभरदा ऐकलाय. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड होणार आहे.

तुम्ही आणि तुमचे मित्र एकाच गोष्टीवर वाद घालताय असं वाटतं खरं, पण तुमचे प्रश्न वेगळे आहेत. तुम्ही विचारताय, भोवरा पडला का? ते उत्तर देतायत, कॉब घरी पोचला का? आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे जो सहसा कुणी विचारत नाही: भोवरा पडला असता, तर त्यातून काही सिद्ध झालं असतं का? मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचं बरंच सोपं होतं.

चित्रपटात टोटेम कशासाठी आहे, ते आठवा. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नात आहात की नाही, हे तुमचं तुम्हाला कळावं म्हणून खिशात बाळगायची एक छोटी वस्तू. आर्थरकडे फासा आहे, एका बाजूने जड केलेला. तो टाकला की कसा पडतो, हे फक्त आर्थरला ठाऊक. ॲरिॲडनी बुद्धिबळातला उंट घेते आणि आतून पोखरून त्याचा तोल बदलते. अट एकच, ती वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आर्थर तर ॲरिॲडनीला फासा हातात घेऊच देत नाही.

आता जरा विचार करा. कुणी आर्थरला फसवण्यासाठी स्वप्न रचलं, तर त्या स्वप्नातला फासा साधा असणार, कारण रचणाऱ्याला त्यातली मेख माहीतच नाही. आर्थर चार वेळा फासा टाकेल आणि ओळखेल. म्हणजे टोटेमचा मुद्दा असा की खऱ्या जगात ते जगावेगळं वागतं आणि परक्याच्या स्वप्नात साधं वागतं.

कॉबचा भोवरा याच्या बरोबर उलटा आहे. खऱ्या जगात तो चारचौघांच्या भोवऱ्यासारखाच फिरतो आणि पडतो. स्वप्नात म्हणे फिरतच राहतो. पण मग कॉबला फसवायला निघालेला माणूस स्वप्नात कसला भोवरा ठेवेल? साधाच की. फिरणारा आणि पडणारा. भोवरे पडतात, हे जगात कुणाला ठाऊक नाही? त्यातही कॉब ही युक्ती स्वतःच्या तोंडाने ॲरिॲडनीला सांगून बसलाय, आणि म्हाताऱ्या साइतोच्या तर तो भोवरा हातातच आहे. शिवाय मुळात तो कॉबचा नाहीच, त्याच्या बायकोचा, मॅलचा आहे. टोटेमचे जेवढे नियम हा माणूस दुसऱ्यांना शिकवतो, तेवढे सगळे त्याच्या टोटेमच्या बाबतीत मोडलेले आहेत.

म्हणून ही चाचणी एकाच बाजूने चालते. भोवरा थांबतच नसेल तर नक्की काहीतरी गडबड आहे. पण पडला, तर काहीच कळलं नाही. खरं जगही असेल किंवा नीट रचलेलं स्वप्नही असेल. म्हणजे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी कट न करता भोवरा टेबलावर आडवा पडलेला दाखवला असता, तरी तर्काने वाद मिटला नसता. फक्त प्रेक्षक समाधानाने घरी गेले असते.

आता शॉट. (आपण सगळे भोवरा म्हणतो, पण जाळी गुंडाळून फेकायचा तो भोवरा नव्हे. दोन बोटांनी फिरवायची ती भिंगरी आहे. असो, भोवराच म्हणू.) कॉब घरात येतो, खिशातून भोवरा काढून जेवणाच्या टेबलावर फिरवतो. बागेत मुलं पाठमोरी खेळतायत, चित्रपटभर त्याला दिसत आलेली तीच आकृती. या वेळी मुलं वळतात. कॉब टेबल सोडून त्यांच्याकडे जातो. कॅमेरा त्याला मुलांना जवळ घेताना पाहतो आणि मग सावकाश मागे टेबलाकडे, भोवऱ्याकडे येतो. भोवरा फिरतोय. जरासा डगमगतो. काळा पडदा.

लहानपणी भोवरा खेळला असाल तर एक गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल. जोरात फिरणारा भोवरा इतका सरळ उभा राहतो की फिरतोय हेच कळत नाही. आमच्या गल्लीत याला भोवरा झोपला म्हणायचे. पुढे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही तीच कल्पना भेटली. एका ठरावीक वेगाच्या वर भोवरा उभ्या अक्षावर स्थिर राहतो. घर्षणाने वेग त्याच्या खाली गेला की माथा गोल गोल झुलायला लागतो, झोका वाढत जातो आणि तो पडतो. एकदा झोका वाढायला लागला की बाहेरून जोर लावल्याशिवाय भोवरा पुन्हा झोपत नाही. चित्रपटात जिथे तो न थांबता फिरताना दिसतो, साइतोच्या टेबलावर आणि मॅलच्या तिजोरीत, तिथे तो असा झोपलेला आहे. शेवटच्या शॉटमध्ये तो झोपेतून हलतो. केवळ डोळ्यांना जे दिसतं त्यावर विचाराल तर माझं उत्तर सरळ आहे: तो पडायला आलेला भोवरा आहे.

मग कट नेमका तिथेच का? वर्गात मी याच्या तीन प्रती करतो. पहिलीत डगमगण्याच्या आधीच काळा पडदा. दुसरी जशी आहे तशी. तिसरीत शेवटच्या काही फ्रेम संथ करून तो डगमगता भोवरा थोडा जास्त वेळ ठेवतो. पहिली प्रत पाहून मुलं जवळजवळ एकमताने म्हणतात, तो स्वप्नात अडकला. तिसरी पाहून म्हणतात, सुटला. दुसरीवर भांडणं होतात. फरक सगळा मिळून एखाद्या सेकंदाचा. संकलनात आम्ही नेहमी सांगतो की हालचाल सुरू होताना कट केला तर ती हालचाल प्रेक्षक मनात पूर्ण करतो. इथे हालचाल सुरू झाली की नाही याचीच खात्री होण्याआधी कट केलाय, त्यामुळे प्रत्येक जण ती आपापल्या मनाप्रमाणे पूर्ण करतो. हे चुकून होत नाही. या चित्रपटाचे संकलक ली स्मिथ यांच्यासारखा माणूस अशी जागा फ्रेमफ्रेमने हलवून पाहतो.

आता दोन अर्थ. पहिला तुमच्या मित्रांचा: कॉब खऱ्या जगात, खऱ्या घरी पोचला. अंगठीचा पुरावा खरंच चांगला आहे आणि तो शोधणाऱ्यांना माझा सलाम. कॉबच्या बोटात स्वप्नांमध्ये लग्नाची अंगठी दिसते आणि जागेपणी दिसत नाही. शेवटी विमानतळावर पासपोर्ट देताना त्याच्या हातात अंगठी नाही. याला जोडून मुलांची गोष्ट. आठवणीतली मुलं आणि शेवटची मुलं अगदी सारखी वाटतात, पण श्रेयनामावलीत दोन्ही भावंडांसाठी दोन वेगवेगळ्या वयांचे बालकलाकार आहेत, आणि वेशभूषाकार जेफ्री कर्लंड यांनीही कपडे सारखे नसल्याचं सांगितलंय. म्हणजे निर्मात्यांनी मुलं मोठी केली. आठवणीतलंच चित्र पुन्हा फिरवायचं असतं तर हा खटाटोप कुणी केला नसता. शिवाय लिंबोमध्ये, म्हणजे स्वप्नांच्या त्या तळाशी, मुलांचे चेहरे दिसायची वेळ येते तेव्हा कॉब मुद्दाम नजर वळवतो, कारण ती खरी नाहीत हे त्याला माहीत असतं. इथे तो बघतो.

सासऱ्यांची, म्हणजे माइल्सची भूमिका करणारे मायकल केन यांनी 2018 मध्ये एक किस्सा सांगितला. पटकथा वाचून कुठलं स्वप्न आणि कुठलं खरं हे त्यांना कळेना, तेव्हा नोलननी सांगितलं की तुम्ही ज्या प्रसंगात आहात तो खरा. शेवटच्या प्रसंगात माइल्स आहे. अनेकांसाठी इथे खटला निकाली निघतो. मी जरा हात आखडता घेतो. नटाला काम नीट करता यावं म्हणून दिग्दर्शक सेटवर जे सांगतो ते त्या नटासाठी असतं. मीही दिग्दर्शकांना एकाच दृश्याबद्दल दोन नटांना दोन गोष्टी सांगताना पाहिलंय.

दुसरा अर्थ: तो अजून स्वप्नातच आहे. पण हा एक अर्थ नाही. यात दोन वेगळे दावे आहेत आणि ते एकत्र केल्यामुळेच वाद कधी संपत नाही.

पहिला दावा असा की कॉब लिंबोमधून बाहेर आलाच नाही. याला आधार मिळतो तो कटमुळेच. म्हातारा साइतो पिस्तुलाकडे हात नेतो, आणि कट, कॉब विमानात डोळे उघडतो. मधलं काहीच दाखवलेलं नाही. पुढे विमानतळ, सामानाचा पट्टा, माइल्स, थेट घर. जवळजवळ संवाद नाहीत, सगळं संगीतावर तरंगत जातं. आणि याच चित्रपटात आधी पॅरिसच्या कॅफेत कॉब ॲरिॲडनीला विचारतो की आपण इथे कसे आलो ते आठवतंय का. स्वप्नाला सुरुवात नसते, आपण थेट मध्येच असतो. मग कॉब घरी कसा आला?

या पुराव्यावर मला संकलक म्हणून हसू येतं. प्रवास कापणं हे आमचं रोजचं काम आहे. माणूस ऑफिसातून निघाला, कट, घरात जेवतोय. मधला ट्रॅफिक दाखवला तर प्रेक्षक शिव्या देतील. या हिशेबाने जगातला प्रत्येक चित्रपट स्वप्नच ठरेल. पण हेही मान्य करायला हवं की कॅफेतल्या त्या एका प्रश्नाने नोलननी आपल्या मनात या साध्या कटबद्दलच संशय पेरून ठेवलाय. आणि तरीही हा दावा अंगठीपुढे टिकत नाही. लिंबो हे स्वप्न आहे, तिथे तो असता तर बोटात अंगठी असायला हवी होती. एवढ्यापुरते तुमचे मित्र बरोबर.

दुसरा दावा खोल आहे: पूर्ण चित्रपटच स्वप्न आहे. ज्याला कॉब जागेपणा म्हणतो तो पण एक थर आहे, आणि खिडकीतून उडी मारणारी मॅल खरं बोलत होती. चित्रपटाच्या शेवटाकडे मॅल कॉबला ऐकवते की निनावी कंपन्यांची माणसं आणि पोलीस जगभर तुझा पाठलाग करतायत, अगदी स्वप्नातली माणसं स्वप्न बघणाऱ्याच्या मागे लागतात तसे, यात तुला काहीच विचित्र वाटत नाही? हे ऐकून मोंबासातला पाठलाग पुन्हा बघा. दोन इमारतींमधली बोळ कॉबच्या खांद्यांएवढी अरुंद होत जाते, आणि तो कसाबसा बाहेर पडतो तर समोर साइतो गाडी घेऊन हजर. त्यानंतर थोड्याच वेळात युसुफच्या तळघरात कॉब झोपेचं औषध स्वतःवर घेऊन बघतो. उठल्यावर बेसिनजवळ भोवरा फिरवायला जातो, तो हातातून निसटून खाली पडतो, तेवढ्यात साइतो आत येतो आणि चाचणी राहून जाते. त्या चित्रपटात फार थोड्या गोष्टी योगायोगाने घडतात. ही अर्धवट राहिलेली चाचणी मला शेवटच्या शॉटपेक्षा जास्त छळते.

अंगठी इथे उपयोगाची नाही, आणि तुमच्या मित्रांचा मुद्दा इथे अडतो. अंगठी आपल्याला दोन थरांमधला फरक सांगते. अंगठी आहे तो खालचा थर, अंगठी नाही तो वरचा. पण सगळ्यात वरचा म्हणून जो दिसतोय त्याच्याही वर आणखी एक आहे का, हे ती कशी सांगणार? घराच्या आतल्या पायऱ्या मोजून घर कितव्या गल्लीत आहे ते कळत नाही, तसं. मुलांची वयं, कपडे, भोवऱ्याचं डगमगणं, सगळ्यांची हीच मर्यादा. या दाव्याविरुद्ध कुठलाच पुरावा चालू शकत नाही, कारण प्रत्येक पुरावा त्याच स्वप्नाचा भाग म्हणून गिळून टाकता येतो.

ज्याला खोडताच येत नाही असा दावा बळकट असतो, असं काही मुलांना वाटतं. मला उलटं वाटतं. त्याला खोडता येत नाही म्हणून तो निरुपयोगी आहे, आणि त्याच्याबद्दल चित्रपटाचं स्वतःचं मत काय ते बघावं लागतं. ते मत मॅलच्या कथेत आहे. लिंबोमध्ये मॅलने आपला भोवरा तिजोरीत बंद करून ठेवला होता, म्हणजे खरं काय हे विसरायचं ठरवलं होतं. कॉबने तिजोरी उघडून तो भोवरा फिरवून ठेवला आणि तिच्या मनात एक विचार पेरला, की हे जग खरं नाही. त्या विचाराने दोघं बाहेर आले, पण विचार तिच्याबरोबर बाहेर आला. खऱ्या घरात, खऱ्या मुलांसमोर ती म्हणत राहिली की हेही खरं नाही, आणि मेली. आपण चित्रपटगृहातून बाहेर पडताना 'पण तो भोवरा...' म्हणत असतो तेव्हा मॅलचाच विचार आपल्या डोक्यात असतो. सगळंच स्वप्न, या अर्थाने चित्रपट पाहायचा तर मॅलला शहाणी मानावं लागतं आणि कॉबचा अपराध पुसून टाकावा लागतो. त्या अपराधावर अख्खी कथा उभी आहे. म्हणून मी पहिल्या अर्थाच्या बाजूचा आहे. पण तुम्ही मोंबासाच्या बोळीत अडकला असाल तर मी तुम्हाला चूक ठरवू शकत नाही.

नोलन यांचं स्वतःचं म्हणणं हवं असेल तर 2015 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर ते यावर बोलले होते. सूर असा की कॉब मुलांबरोबर आहे, त्याच्या स्वतःच्या वास्तवात आहे, आणि त्याला आता फरक पडत नाही. पुष्कळांना ही पळवाट वाटली. मला ते कॅमेऱ्याचं साधं वर्णन वाटतं. त्या शॉटमध्ये भोवऱ्याकडे कोण बघतंय? कॉब नाही. मुलं नाहीत. ज्याचा जीव त्यात अडकला होता तो केव्हाच बागेत गेलाय. कॅमेरा एकटा मागे राहिलाय, आणि त्याच्याबरोबर आपण. तुम्ही विचारलंत की कट करून टांगून का ठेवलं. कारण भोवऱ्याचं उत्तर मिळालं असतं, तर कॉबने ते न बघता निघून जाणं ही त्या शॉटमधली सगळ्यात मोठी घटना कुणाच्या लक्षातच राहिली नसती.

हे पटायला पुन्हा शेवट बघू नका. सुरुवातीचा हॉटेलच्या खोलीतला प्रसंग लावा, मुलांचा फोन येण्याआधीचा. कॉब एकटा टेबलाशी बसलाय. भोवरा फिरतोय आणि तो पूर्ण पडेपर्यंत त्याची नजर हलत नाही. त्या वेळी त्याच्या हातात पिस्तूल आहे.